भूस्थिर उपग्रह जागेवर राहतो म्हणजे वर नेमकं काय चालतं

प्रश्न: काका, आमच्या छतावरची डिश लावल्यापासून कुणी हलवलेली नाही, तरी टीव्ही व्यवस्थित दिसतो. म्हणजे वर तो उपग्रह खरंच एका जागी उभा असतो का? मग तो खाली का पडत नाही? सतत इंजिन चालू ठेवावं लागतं का? आणि हवामानवाले इतक्या लांबून फोटो का काढतात, जवळून का नाही? (इंदूर)

उत्तर:

उभा मुळीच नसतो. सेकंदाला ३.०७ किलोमीटर या वेगानं तो पळत असतो, आणि पळता पळता पडतही असतो. इंजिन जवळजवळ सगळा वेळ बंद असतं. काही आठवड्यांतून एकदा थोडा वेळ चालवतात, आणि ते सुद्धा त्याला वर धरून ठेवायला नाही, तर जागेवरून सरकला म्हणून परत आणायला. खरी मेहनत या सरकण्याशी आहे, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहितो. शिवाय त्या गोष्टीत आपल्या इंदूरचा रेखांश मध्येच येतो.

आधी पडण्याचं बघू. उपग्रह जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतो. तिथंही पृथ्वीची ओढ आहेच, फक्त इथल्यापेक्षा पुष्कळ कमी: एका सेकंदात ती वस्तूला साधारण ११ सेंटीमीटर खाली आणते. त्याच सेकंदात उपग्रह तीन किलोमीटर पुढे गेलेला असतो. आता त्या उंचीवरचं वर्तुळ काढा आणि तीन किलोमीटर सरळ रेषेत जा, तर वर्तुळ त्या रेषेपासून किती वाकलेलं असतं? तेच ११ सेंटीमीटर. म्हणजे तो जितका पडतो तितकंच वर्तुळही खाली वळतं, आणि त्याची उंची बदलत नाही. हवा नसल्यामुळे वेगही कमी होत नाही. यासाठी इंधनाचा थेंबही लागत नाही.

हीच उंची का, याचं कारण फक्त वेळ. जवळचा उपग्रह लवकर फेरी मारतो, लांबचा सावकाश. चारशे किलोमीटरवरचा दीड तासात फिरून येतो, चंद्राला सत्तावीस दिवस लागतात. मध्ये कुठे तरी अशी एक उंची असणारच जिथली फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेरीइतकी असेल. ती ही. आणि पृथ्वीची फेरी २४ तासांची नसून २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची आहे. घड्याळातला दिवस सूर्यावरून मोजलेला. ही फेरी ताऱ्यांवरून मोजलेली. ही चार मिनिटं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

अनेक जण विचारतात की मग उपग्रह थेट इंदूरच्या डोक्यावर का नाही ठेवत. ठेवता येत नाही. कुठलीही कक्षा पृथ्वीच्या केंद्राभोवतीच असते. इंदूर २२.७ अंश उत्तरेला आहे. इथून निघालेला उपग्रह अर्ध्या फेरीत तितकाच दक्षिणेला जाणार. आकाशात हलू नये असं वाटत असेल तर एकच जागा उरते, विषुववृत्ताच्या वर. म्हणून आपल्याकडच्या सगळ्या डिश दक्षिणेकडे बघतात. ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहासाठी इंदुरात डिशचं तोंड दक्षिणेपासून पूर्वेला १८ अंश आणि आकाशात सुमारे ६२ अंश वर लागतं.

इथपर्यंतचं शाळेच्या पुस्तकातही सापडतं. पण पृथ्वी अगदी गोल असती आणि जगात दुसरं काहीच नसतं तरच ते तसंच्या तसं खरं ठरलं असतं.

पृथ्वीचं विषुववृत्तसुद्धा थोडं लंबवर्तुळाकार आहे. सगळ्यात लांब आणि सगळ्यात आखूड त्रिज्येतला फरक सत्तरेक मीटरांचा, म्हणजे ६,३७८ किलोमीटरच्या त्रिज्येपुढे काहीच नाही. पण उपग्रह पृथ्वीच्या बरोबरीनं फिरतो, त्यामुळे तो फुगवटा त्याला रोज एकाच बाजूनं ओढत राहतो. ही ओढ दिवसागणिक साचते. आता इथली गंमत नवख्या इंजिनिअरलाही आधी पटत नाही. समजा फुगवट्यानं उपग्रहाला पूर्वेकडे, म्हणजे त्याच्या जाण्याच्या दिशेनं ओढलं. तर तो पूर्वेला सरकेल असं वाटतं. प्रत्यक्षात पुढे ओढल्यामुळे त्याची कक्षा मोठी होते, मोठ्या कक्षेत फेरीला वेळ जास्त लागतो, आणि तो पृथ्वीच्या मागे पडतो, म्हणजे पश्चिमेला सरकतो. उपग्रह एक किलोमीटर वर गेला की दिवसाला साधारण साडेनऊ किलोमीटर पश्चिमेला जातो. एक किलोमीटर खाली आला की तितकाच पूर्वेला.

म्हणून उपग्रह फुगवट्याकडे न जाता त्याच्यापासून दूर पळतात, आणि जिथे विषुववृत्त जास्तीत जास्त चपटं आहे तिथे येऊन डोलत राहतात. अशा जागा पृथ्वीभोवती दोनच: एक १०५ अंश पश्चिमेला आणि दुसरी ७५ अंश पूर्वेला. इंदूरचा रेखांश आहे ७५.८६. राजवाड्यापासून सरळ दक्षिणेला बघा, मालदीवच्या पूर्वेला जो समुद्र आहे, त्याच्या वर ही जागा आहे. कढईत गोटी टाकली की ती जशी बुडाशी इकडून तिकडे डोलते, तसे या भागातले इंधन संपलेले आणि वेळेवर न हलवलेले जुने उपग्रह ७५ अंशांच्या आसपास वर्षानुवर्षं मागेपुढे होत असतात. आपल्या हवामानाच्या इन्सॅट-३डीआरची जागा ७४ अंश, म्हणजे जवळजवळ कढईच्या बुडाशीच. पूर्व-पश्चिम सरकण्याच्या बाबतीत आपल्या देशाची ही नशिबानं मिळालेली सोय आहे.

तरी डीटीएचसाठी इथे ओळखीची असलेली ८३ अंशांची जागा घेऊन हिशेब करू, म्हणजे अंदाज येईल. प्रत्येक उपग्रहाला एक चौकट ठरवून दिलेली असते, आम्ही तिला बॉक्सच म्हणतो. समजा ती मध्यापासून दोन्हीकडे ०.०५ अंश आहे. तिथल्या उंचीवर ०.१ अंश म्हणजे सुमारे ७४ किलोमीटर, तेवढी पूर्ण रुंदी. ८३ अंशांवरचा उपग्रह ७५ कडे, म्हणजे पश्चिमेला घसरू बघतो. तो पश्चिमेच्या कडेला आला की जमिनीवरून आज्ञा जाते, छोटे थ्रस्टर त्याला मागे ढकलतात, म्हणजे ब्रेक लावतात. त्यानं कक्षा दीड किलोमीटर खाली येते. खाली आल्यामुळे तो पूर्वेला चालू लागतो, सुरुवातीला दिवसाला सात किलोमीटर. पण फुगवट्याची ओढ चालूच असते. ती त्याला हळूहळू वर उचलते, पूर्वेकडचा वेग घटत जातो, आणि साधारण तीन आठवड्यांनी पूर्वेच्या कडेपाशी तो थांबतो. तिथून आपोआप उलटा फिरतो आणि आणखी तीन आठवड्यांनी पश्चिमेच्या कडेला परत हजर. मग पुन्हा ब्रेक. या सहा आठवड्यांच्या फेऱ्यासाठी वेगात किती बदल करावा लागला? सेकंदाला पाच-सहा सेंटीमीटर. बस. (सूर्यप्रकाशाच्या दाबानं कक्षा थोडी लांबट होते आणि उपग्रह रोज या बॉक्समध्येच मागेपुढे हलतो. त्यासाठी जागा राखून ठेवावी लागते, म्हणून प्रत्यक्षात हे काम जास्त वेळा करतात.)

आता महागडी बाजू. चंद्र आणि सूर्य विषुववृत्ताच्या सपाटीत फिरत नाहीत, ते तिरपे आहेत. त्यांच्या ओढीनं उपग्रहाची कक्षा दर वर्षी साधारण ०.८५ अंशानं कलते. चंद्राच्या चक्राप्रमाणे हा आकडा थोडा कमी-जास्त होतो. कललेल्या कक्षेतला उपग्रह दिवसातून एकदा उत्तरेला आणि एकदा दक्षिणेला जातो, जमिनीवरून बघितलं तर इंग्रजी आठचा उभा आकडा गिरवल्यासारखा. हा कल काढायचा तर सबंध कक्षेची दिशा वळवावी लागते, आणि सेकंदाला तीन किलोमीटरनं पळणारी वस्तू आडवी वळवणं फार खर्चाचं. त्याच सहा आठवड्यांत साचलेला ०.१ अंशाचा कल काढायला वेगात ५.४ मीटरचा बदल लागतो, म्हणजे पूर्व-पश्चिमेच्या शंभरपट. वर्षाला हे ४५ ते ५० मीटर प्रति सेकंद होतं. दीड हजार किलोचा उपग्रह असेल तर सुमारे २५ किलो इंधन दर वर्षी जातं. उपग्रहाचं आयुष्य बारा वर्षं, पंधरा वर्षं असं जे सांगतात, ते बहुतेक वेळा या उत्तर-दक्षिण इंधनाचं आयुष्य असतं. यंत्रं ठीक असतात, टाकी रिकामी होते.

इंधनाचं महत्त्व आपल्या देशाला पहिल्याच वेळी कळलं. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि त्याच सप्टेंबरात इंधन संपून हातचा गेला. आता हे सांभाळण्याचं काम कर्नाटकात हासनला आणि २००५ पासून आपल्या भोपाळलाही चालतं; इस्रोची मास्टर कंट्रोल फॅसिलिटी ती हीच. तिथली एक अडचण ऐकायला साधी वाटते: टाकीत किती उरलंय हे नीट कळत नाही. वजनच नसल्यामुळे इंधन तळाला बसत नाही, तिथे पेट्रोल टाकीसारखा काटा लावून उपयोग नाही. मग प्रत्येक वेळी थ्रस्टर किती सेकंद चालला याची वही ठेवायची, आणि टाकीतला दाब व तापमान यांवरून दुसऱ्या बाजूनं पडताळायचं. शेवटी काही महिन्यांचा गोंधळ उरतोच. आणि शेवटचा घोट वापरायचा नसतो. निवृत्त होणाऱ्या उपग्रहाला सुमारे ३०० किलोमीटर वर ढकलून वाट मोकळी करून द्यावी लागते, आणि त्याला साधारण तीन महिन्यांच्या कामाइतकं इंधन राखून ठेवावं लागतं.

आता तुमच्या डिशकडे येतो. उपग्रह ७४ किलोमीटरच्या बॉक्समध्ये फिरतो, तरी डिशला कळत का नाही? कारण डिश जितकी लहान, तितकी तिची नजर पसरट. साठ सेंटीमीटरची डिश जवळपास तीन अंश रुंद पट्टा बघते, आणि बॉक्स आहे एका अंशाचा दहावा भाग. तिला तो कधी मध्यातून हललेलाच दिसत नाही. मी ज्या अर्थ स्टेशनवर काम केलं तिथल्या मोठ्या अँटेनाची गोष्ट उलटी. नऊ मीटरच्या अँटेनाची केयू बँडमधली, म्हणजे डीटीएच ज्या तरंगांवर चालतं त्यांतली, नजर एका अंशाच्या सहाव्या भागाइतकी, त्यामुळे तिला मोटारी लावून उपग्रहाच्या मागे फिरवावं लागतं. उपग्रह एक मंद, कायमचा सिग्नल पाठवत असतो, त्याला बीकन म्हणतात. अँटेना थोडीशी एका बाजूला सरकते, बीकन वाढला का बघते, वाढला तर त्याच बाजूला आणखी एक पाऊल, घटला तर परत. रात्रपाळीत शांत खोलीत दर काही मिनिटांनी मोटारीचा ‘टक्’ आवाज यायचा. अँटेनाच्या कोनाचा आलेख चोवीस तासांचा काढला की उपग्रहाचं अख्खं हेलकावणं कागदावर उमटायचं, आणि बॉक्समध्ये सुधारणा कधी झाली ते त्या रेषेचा उंचवटा अचानक कमी झाल्यावरून आम्हाला कुणी न सांगता कळायचं.

जुन्या उपग्रहांच्या बाबतीत कधी कधी मालक ठरवतात की आता उत्तर-दक्षिणचं काम बंद, फक्त पूर्व-पश्चिम सांभाळा. इंधनाचा मोठा खर्च वाचतो आणि उपग्रह आणखी काही वर्षं चालतो, पण कल वाढत जातो. घरच्या डिशसाठी असे उपग्रह वापरत नाहीत. जिथे अँटेना मागे फिरवता येते अशा डेटाच्या कामाला लावतात. समजा अशा, दोन अंश कललेल्या उपग्रहावर कुणी साधी, न हलणारी डिश लावली. दिवसातून दोनदा सिग्नल छान येईल, आणि प्रत्येक चांगल्या वेळेनंतर साधारण सहा तासांनी पडेल. आणि पडण्याची वेळ रोज चार मिनिटं आधी येईल, महिन्यात दोन तास. तीच ताऱ्यांवरून मोजलेल्या फेरीची चार मिनिटं. सिग्नल पडण्याच्या वेळा वहीत लिहून काढल्या आणि त्या अशा सरकताना दिसल्या, तर डिश, केबल, सेट-टॉप बॉक्स बदलून काही उपयोग नाही.

तुमच्या घरी मात्र सिग्नल गेला तर कारणं वेगळी. वळवाच्या किंवा पावसाळ्याच्या मोठ्या सरीत गेला आणि सर थांबल्यावर आला, तर पाण्याच्या थेंबांनी केयू बँडचे तरंग शोषले. वाऱ्यात जात-येत असेल तर स्टँडचा नट ढिला आहे. आणि दहा-अकरा मार्चच्या आसपास काही दिवस दुपारी बाराच्या सुमारास, किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पावणेबाराच्या सुमारास काही मिनिटं चित्र फुटत असेल, तर त्या वेळी सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे आलेला असतो. ही वेळ ८३ अंशांच्या उपग्रहासाठी आणि इंदुरासाठी आहे. सूर्यसुद्धा रेडिओ तरंग सोडतो, आणि डिशला उपग्रहाच्या आवाजापेक्षा त्याचा गोंगाट मोठा ऐकू येतो. डिशवर सावली बघा: फीडची, म्हणजे दांडीच्या टोकावरच्या सिग्नल पकडणाऱ्या भागाची सावली डिशच्या मधोमध पडली असेल (ऑफसेट डिशमध्ये ही खूण थोडी खाली-वर होते), तर कंपनीला फोन करायची गरज नाही. विषुवदिनाच्या आधी-नंतर दहा दिवस यायचं कारण हे की आपण उत्तरेला आहोत. इथून बघताना उपग्रह आकाशातल्या विषुववृत्ताच्या रेषेच्या जरासा, जवळपास चार अंश, खाली दिसतो.

संदेशवहनाला ही कक्षा का आवडते ते आता वेगळं सांगायला नको: लाखो डिश एकदा लावल्या की विसरता येतात, मोटार नाही, ट्रॅकिंग नाही. एका उपग्रहाला पृथ्वीचा सुमारे ४२ टक्के पृष्ठभाग दिसतो, त्यात आपला देश पूर्ण बसतो. किंमत मोजावी लागते ती वेळेत. इंदुरातून ८३ अंशांच्या उपग्रहापर्यंतचं अंतर ३६,४०० किलोमीटर. वर जाऊन खाली यायला पाव सेकंद. क्रिकेट बघताना ते जाणवत नाही, पण फोनवर तुम्ही विचारलं आणि समोरच्यानं उत्तर दिलं की अर्धा सेकंद जातो, आणि दोघंही एकदम बोलायला लागतात.

हवामानाचं कारण वेगळं आहे, आणि ‘जवळून का नाही’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. ध्रुवांवरून फिरणारे उपग्रह आठशे किलोमीटरवरून जातात, त्यांचे फोटो बारीक असतात. पण असा एक उपग्रह इंदुरावरून दिवसातून साधारण दोनदाच जातो. मेमधला वळवाचा ढग दुपारी दोनला उठतो आणि पाचला संपलेला असतो. त्याला फोटोपेक्षा सतत नजर हवी. इन्सॅट-३डीआर सप्टेंबर २०१६ पासून वर आहे. त्याचा कॅमेरा सहा वेगवेगळ्या तरंगलांबींत दर अर्ध्या तासाला पृथ्वीची पूर्ण दिसणारी बाजू टिपतो. दृश्य प्रकाशात एक ठिपका एक किलोमीटरचा, उष्णतेच्या अवरक्त चित्रात चार किलोमीटरचा. रात्री अवरक्त कामाला येतो: ढगाचा माथा जितका थंड, तितका ढग उंच.

लागोपाठच्या चित्रांत एकच ढग ओळखून तो किती सरकला ते मोजलं की वरच्या वाऱ्याचा वेग मिळतो. अर्ध्या तासात २० किलोमीटर, म्हणजे ताशी ४०. समुद्रावर जिथे वाऱ्याचं मोजमाप विरळ आहे तिथे हे सोन्यासारखं. पण इथेच वरचं सगळं प्रकरण परत आडवं येतं. दोन चित्रांच्या मध्ये उपग्रहाची नजर अवरक्त चित्रातल्या एका ठिपक्याइतकी जरी हलली तरी न सुटलेला, ताशी आठ किलोमीटरचा वारा कागदावर येतो. म्हणून प्रत्येक चित्र किनाऱ्यांच्या रेषांशी जुळवून घेतात; कच्छचं आखात, सौराष्ट्राचा किनारा अशा ठळक कडा कामाला येतात. नंतरच ढग मोजायचे.

एक चूक मात्र जुळवूनही जात नाही, आणि मोबाइलवर उपग्रहाचं चित्र बघून पावसाचा अंदाज बांधणाऱ्यांनी ती जरूर ध्यानात ठेवावी. उपग्रह आपल्याला दक्षिणेकडून तिरका बघतो. पंधरा किलोमीटर उंच गेलेल्या ढगाचा माथा त्याला मागच्या, म्हणजे उत्तरेच्या जमिनीवर टेकलेला दिसतो. इन्सॅट-३डीआरच्या कोनातून इंदुरासाठी ही फसगत साडेसात किलोमीटरची आहे. चित्रात ढग लवकुश चौराह्यावर दिसत असेल तेव्हा तो राजवाड्यावर उभा असतो. ढग बुटका असेल तर फरक त्या प्रमाणात कमी, आणि जितकं उत्तरेला जाल तितका जास्त: ग्वाल्हेरला तोच ढग साडेसातऐवजी नऊ-साडेनऊ किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसेल.